गाळलेली जागा आणि तिच्या डावीकडचा शब्द

‘वाघा’ एवढं लिहून पुढे रिकामी जागा सोडली आणि ती भरायला सांगितलं, तर मराठी माणूस हात आखडता घेईल. ‘ला’ लिहायचं, ‘शी’ लिहायचं, ‘वर’ की ‘पासून’, हे ठरवायला त्याला वाक्य शेवटपर्यंत वाचावं लागेल. शेवटी ‘भितो’ असेल तर ‘वाघाला’, ‘लढतो’ असेल तर ‘वाघाशी’, ‘हल्ला करतो’ असेल तर ‘वाघावर’, ‘लांब पळतो’ असेल तर ‘वाघापासून’. वाघ चारही वाक्यांत तोच आहे, तरी त्याला चिकटणारं शेपूट दर वेळी बदलतं, कारण ते वाघ ठरवत नाही, क्रियापद ठरवतं. आपण माणसावर रागावतो, त्याला कंटाळतो, त्याच्याशी भांडतो आणि दिलेल्या शब्दाला जागतो. ‘माणसाशी रागावलो’ असं कुणी म्हटलं तर पाच वर्षांच्या मुलालाही ते खटकेल, पण ‘रागावणे’ला ‘वर’ आणि ‘भांडणे’ला ‘शी’ असं का, याचं कारण त्याच्या आजोबांनाही सांगता येणार नाही. या पुस्तिकेतल्या गाळलेल्या जागा इंग्रजीच्या आहेत. त्या भरायला लागणारं ज्ञान मात्र मराठी विद्यार्थ्याकडे आधीपासून आहे. त्याला ते फक्त चुकीच्या दिशेने वापरायची सवय लागलेली असते.

चुकीच्या दिशेने हे शब्दशः घ्यावं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून प्रत्यय ठरवणारा शब्द रिकाम्या जागेच्या उजवीकडे सापडतो. इंग्रजीत क्रियापद किंवा विशेषण आधी येतं आणि नाम नंतर, म्हणून तोच शब्द डावीकडे असतो. ‘शी इज गुड ___ कुकिंग’ या वाक्यात जागा भरण्याचा अधिकार ‘गुड’कडे आहे, ‘कुकिंग’कडे नाही. पण शाळेत प्रिपोझिशनची ओळख होते ती जागा आणि वेळ दाखवणारे शब्द म्हणून: टेबलावर ऑन, पेटीत इन, सोमवारी ऑन, पाच वाजता ॲट. तिथे उजवीकडचं नाम पाहूनच उत्तर काढायचं असतं आणि तिथे ते बरोबरही असतं. तीच नजर घेऊन विद्यार्थी ‘गुड’पाशी येतो, उजवीकडे ‘कुकिंग’ पाहतो, मनात ‘स्वयंपाकात हुशार’ म्हणतो आणि ‘इन’ लिहितो. इंग्रजी हवं असतं ‘ॲट’. असल्या चुकांना ‘प्रिपोझिशन कच्चे आहेत’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. वास्तविक विद्यार्थ्याला ‘इन’चा अर्थ नीट ठाऊक आहे. ‘गुड’ शिकताना त्याच्याबरोबर येणारा ‘ॲट’ शिकायचा राहून गेला, एवढंच त्यात कच्चं आहे.

पुण्यात ही कल्पना कोणाला नव्याने समजावून द्यायची गरज पडू नये. दहावीला संस्कृत घेणाऱ्यांची इथे वाण नाही, आणि ‘नमः’ आलं की चतुर्थी, ‘सह’ आलं की तृतीया, ‘विना’ आलं की द्वितीया, तृतीया किंवा पंचमी हे त्यातल्या बहुतेकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. याला उपपदविभक्ती म्हणतात: शेजारच्या शब्दामुळे नामाला मिळणारी विभक्ती. ‘अफ्रेड’ आलं की ‘ऑफ’, हा त्याच जातीचा नियम आहे. (काटेकोर वैयाकरण इथे कारकविभक्ती आणि उपपदविभक्ती यांतला भेद काढतील. तो भेद खरा आहे, पण गाळलेली जागा भरणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही.) याच शहरात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणाऱ्या आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झालेल्या वामन शिवराम आपट्यांनी संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांसाठी जे इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात विभक्तीचे धडे याच तत्त्वावर आहेत. कोणते धातू, कोणती विशेषणं आणि कोणती अव्ययं कोणती विभक्ती मागतात ते आधी सांगायचं आणि मग वाक्यं करायला द्यायची. त्यांच्या 1890च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही धातूच्या अर्थाबरोबर त्याला लागणारी विभक्ती जागोजागी सांगितलेली आहे. शब्द शिकायचा तो त्याच्या मागणीसकट, ही आपट्यांची शिस्त. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण ‘अफ्रेड म्हणजे घाबरलेला’ एवढंच वहीत लिहून घेतो आणि ‘ऑफ’ला व्याकरणाच्या वेगळ्या धड्यात पाठवून देतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. विभक्ती अशी मनमानी नसते, तिला अर्थाचा आधार असतो, मग याद्या पाठ करण्यापेक्षा तो अर्थच का शिकवू नये? पाणिनी भीतीच्या धातूंना पंचमी देतो ती यादृच्छिक नव्हे. ज्याची भीती वाटते त्याला तो अपादान मानतो, म्हणजे भीती जिथून उगवते ते ठिकाण. रागाच्या बाबतीत ज्याच्यावर राग असतो त्याला तो संप्रदान मानतो आणि चतुर्थी देतो. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण मराठीने भीतीला उगमाऐवजी लक्ष्य मानलं आणि ‘वाघाला’ म्हटलं. रागाला ओझं मानलं आणि ‘त्याच्यावर’ म्हटलं. तेही तितकंच पटतं. अर्थ झालेल्या निवडीचं समर्थन करतो, निवड आधी वर्तवू शकत नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ‘डिपेंड’ या शब्दातच आहे. तो लॅटिनमधून आला. मूळ अर्थ खाली लटकणे. आपलं ‘अवलंबून’ संस्कृत ‘अव’ आणि ‘लंब्’ यांपासून, त्याचाही अर्थ खाली लोंबणे. जर्मनमधला या अर्थाचा शब्दही लटकण्याचाच आहे. चित्र सगळीकडे एकच: फांदीला लटकलेलं फळ. तरी जर्मन आणि फ्रेंच म्हणतात ‘पासून’ लटकलेलं, मराठी आणि इंग्रजी म्हणतात ‘वर’. एकाच चित्रातून दोन भिन्न अव्ययं निघत असतील, तर केवळ चित्र समजावून अव्यय हाती लागेल ही आशा फोल आहे. म्हणून या पुस्तिकेत व्युत्पत्ती आली आहे ती लक्षात राहायला मदत म्हणून. उत्तर काढण्याची रीत म्हणून तिचा उपयोग नाही.

योगायोगाने मराठी आणि इंग्रजी यांचं ‘डिपेंड’वर एकमत झालं, आणि सरावाच्या पुस्तकांची निवड कुठे चुकते ते इथेच दिसतं. या विषयाची बहुतेक पुस्तकं ‘इंटरेस्टेड इन’ आणि ‘डिपेंड ऑन’ यांनी सुरू होतात. मराठी विद्यार्थ्याला ही दोन्ही जवळपास फुकट मिळतात: संगीतात रस म्हणून ‘इन’, पावसावर अवलंबून म्हणून ‘ऑन’. ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’ही तसंच, कारण लक्ष आपण कशावर तरीच केंद्रित करतो. अशा दहा जागा भरून घेतल्या तर दहापैकी दहा पडतात आणि शिकणारा व शिकवणारा दोघेही समाधानाने पुढे सरकतात. त्यातून काही मोजलं गेलं असेल तर ते मराठीच. खरं मोजमाप सुरू होतं जिथे दोन्ही भाषा फारकत घेतात तिथे. माणसाशी लग्न म्हणून ‘मॅरिड विथ’ लिहिलं जातं, हवं असतं ‘मॅरिड टू’. पाण्याने भरलेलं म्हणून ‘फुल विथ’, हवं असतं ‘फुल ऑफ’. देवावर विश्वास म्हणून ‘बिलीव्ह ऑन’, हवं ‘इन’. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढे मराठी ‘पेक्षा’ ऐकू येतं आणि हात ‘दॅन’ लिहून जातो. हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच इंग्रजीत आले. इंग्रजी तुलनेचा ‘दॅन’ त्यांना लागत नाही, ‘टू’ लागतो. ‘प्रिफर’चंही तेच. कॉफीपेक्षा चहा पसंत असणाऱ्याने ‘प्रिफर टी टू कॉफी’ म्हणायचं. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी प्रश्नांत ‘सीनियर’ इतक्या वेळा भेटतो तो याचमुळे. म्हणून इथे शब्दांची मांडणी वर्णक्रमाने नाही आणि अव्ययांप्रमाणेही नाही. मराठीशी जमणारे शब्द थोडक्यात उरकले आहेत आणि न जमणाऱ्यांना जागा दिली आहे.

तिसरा एक गट आहे, आणि त्याच्यापुढे गाळलेली जागा हा प्रश्नप्रकारच लंगडा पडतो. ‘डिस्कस’ या क्रियापदाला काहीच लागत नाही. आपण योजनेविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट द प्लॅन’ म्हणतो. इंग्रजीत ‘अबाउट’ नको. किल्ल्यावर हल्ला करतो, पण ‘अटॅक’नंतर ‘ऑन’ नको. खोलीत शिरतो, पण ‘एंटर’नंतर ‘इन’ नको. मित्रावर भरवसा ठेवतो, पण ‘ट्रस्ट ऑन’ नको. आता हे तपासायचं कसं? ‘वुई डिस्कस्ड ___ द प्लॅन’ असं छापलं की ती मोकळी रेघच खोटं बोलते. इथे काहीतरी हवं आहे असं ती सांगते, आणि आज्ञाधारक विद्यार्थी काहीतरी भरतो. रेघ छापली नाही तर प्रश्नच उरत नाही. त्यामुळे सर्वांत जास्त होणाऱ्या चुकांतली ही एक जात सरावाच्या पुस्तकांतून आपोआप गळते. मुलाने शंभर जागा अचूक भरलेल्या असतात आणि अर्जात तो ‘डिस्कस अबाउट’ लिहून मोकळा होतो. यावर उपाय आहे, पण अर्धवट केला तर निरुपयोगी ठरतो. काहीच नको असेल तिथे फुली मारा, अशी सूचना द्यायची. मात्र दहा जागांत एकच फुली ठेवली तर चतुर मूल ती हुडकून काढतं, आणि आपण तपासतो त्याचं चातुर्य. इथल्या सरावांत साधारण तीन जागांमागे एक फुलीची आहे, आणि काही सरावांत मुद्दाम एकही नाही.

या गटाबद्दल सगळा दोष मराठीच्या माथी मारणं मात्र मला मान्य नाही. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक ज्यांची मातृभाषा मराठीच्या वाऱ्यालाही उभी नाही असे लोकही करतात. तिचं एक कारण इंग्रजीतच दडलेलं आहे. ‘डिस्कस’ला काही नको, पण त्याचं नाम ‘डिस्कशन’ झालं की ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतं. ‘अटॅक’ क्रियापद असताना एकटं, नाम असताना ‘अटॅक ऑन’. ‘डिमांड’ क्रियापदाला काही नको, नामाला ‘फॉर’. ‘आन्सर’ क्रियापदाला काही नको, नामाला ‘टू’. ‘एंटर’ एकटं, ‘एंट्री’ला ‘इनटू’. नामाच्या तोंडचं अव्यय क्रियापदाच्या तोंडी घालणं ही कोणत्याही शिकणाऱ्याने करावी अशी स्वाभाविक तर्कसंगती आहे. म्हणून हे शब्द इथे सुटे न देता क्रियापद आणि नाम अशा जोडीनेच दिले आहेत, एका वाक्यात फुली, लगेच दुसऱ्यात अव्यय. कुणी असंही विचारेल की हिंजवडीच्या कचेऱ्यांत रोज ‘डिस्कस अबाउट’ चालतं, कुणाचं काही अडत नाही, मग ती चूक कशी? भारतीय इंग्रजी ही स्वतःच्या रूढी असलेली इंग्रजी आहे, आणि बोलताना असं म्हणणाऱ्याला टोकण्याची मला गरज वाटत नाही. पण परीक्षेची उत्तरसूची आणि कोश अजून त्या रूढीपर्यंत आलेले नाहीत. विद्यार्थ्याला दोन्ही माहीत असावं. अडचण ज्याला एकच माहीत असतं त्याची होते.

आता जागा गाळणाऱ्याच्या बाजूने पाहू. हे काम दिसतं तितकं सोपं नाही, आणि ‘अँग्री’ या एका शब्दावर ते दाखवता येतं. पहिला प्रयत्न: ‘माय फादर वॉज अँग्री ___ मी’. अपेक्षित उत्तर ‘विथ’. पण ‘ॲट’ही रूढ आहे, आणि ते लिहिणाऱ्याचा गुण कापणं अन्याय आहे. दुसरा प्रयत्न: माणूस काढून घटना घालू, ‘अँग्री ___ द डिले’. आता ‘ॲट’ चालेल, ‘अबाउट’ही चालेल. तिसरा प्रयत्न: चार पर्याय द्यायचे, ‘ऑन’, ‘विथ’, ‘टू’, ‘फ्रॉम’, आणि ‘ॲट’ गुपचूप वगळायचा. यात उत्तर एकच उरतं, पण विद्यार्थ्याने ते ओळखून काढलं की आठवून लिहिलं हे कळत नाही. शिवाय सराव करताना चुकीचे तीन पर्याय डोळ्यांसमोर राहतात, त्यात नेमका ‘अँग्री ऑन’ही. चौथा प्रयत्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: पहिल्याच वाक्यात रेघेच्या आरंभी अव्ययाचं पहिलं अक्षर छापायचं. मग उत्तर एकच राहतं आणि ते आठवूनच लिहावं लागतं. ‘डिफरंट’चीही हीच गत आहे. ‘फ्रॉम’ सर्वत्र चालतो, ‘टू’ ब्रिटनमध्ये ऐकू येतो आणि ‘दॅन’ अमेरिकेत. ‘गुड’पुढे शाळेचा विषय आला तर ‘इन’ लिहिणारेही सापडतात, म्हणून सुरुवातीच्या उदाहरणात मी गणिताऐवजी स्वयंपाक घेतला. जिथे दोन उत्तरं खरोखर चालतात तिथे इथल्या उत्तरसूचीत दोन्ही दिली आहेत. एका जागेला एकच उत्तर असलं पाहिजे हा हट्ट तपासणाऱ्याच्या सोयीचा आहे, भाषेला तो ठाऊक नाही. ‘ॲग्री’सारख्या मोजक्या शब्दांपाशी मात्र डावीकडे पाहून पुरत नाही. माणसाशी सहमत असलो तर ‘विथ’, प्रस्तावाला संमती दिली तर ‘टू’. तिथे उजवीकडेही डोकवावंच लागतं.

विद्यार्थी जोडी पाठ करतो आहे की शब्दाची मागणी त्याच्या अंगवळणी पडली आहे, हे ओळखायची एक खूण आहे. ‘ही इज अफ्रेड ___ डॉग्ज’ बरोबर भरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तू कशाला घाबरतोस?’ याचं इंग्रजी करायला द्यावं. पुष्कळदा उत्तर येतं ‘व्हॉट आर यू अफ्रेड?’ आणि ‘ऑफ’ गायब झालेला असतो. असं होण्याचं कारण आहे. मराठीत ‘ला’ हा ‘कशा’ला चिकटलेलाच असतो, तो मागे एकटा राहूच शकत नाही. इंग्रजीत ‘व्हॉट’ पुढे जातो आणि ‘ऑफ’ वाक्याच्या टोकाला ‘अफ्रेड’पाशी थांबून राहतो, त्याच्या उजवीकडे नाम नाही, काहीच नाही. ज्याची नजर नामावर खिळलेली आहे त्याला या जागी काही हवं आहे असं वाटतच नाही. म्हणून प्रत्येक गटाच्या शेवटी अशा टोकाला राहिलेल्या जागा आहेत: ‘व्हॉट आर यू इंटरेस्टेड ___?’, ‘हू इज शी मॅरिड ___?’. सोपी म्हणून बाजूला काढलेली ‘इंटरेस्टेड इन’ची जोडी इथे एकदम अवघड होते. तिच्याबरोबर उलट्या जागाही आहेत. त्यांत अव्यय छापलेलं आहे आणि विशेषण गाळलेलं: ‘शी इज ___ ऑफ स्नेक्स’. ‘ऑफ’ पाहून ‘अफ्रेड’ सुचायला हवं, ‘अँग्री’ सुचता कामा नये. दोन्ही बाजूंनी गाठ पक्की झाली तरच ती धरते.

राहिला शेवटचा आक्षेप, मराठीला या कामात आणूच नये हा. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, तर्खडकरी भाषांतराचे दिवस गेले, मराठी आठवून दिली की मूल प्रत्येक वाक्य मनात उलथंपालथं करत बसेल, असं म्हणणारे अनेक चांगले शिक्षक आहेत. भरपूर वाचन आणि ऐकणं असेल तर ‘वेट फॉर’, ‘लुक ॲट’ असे रोजचे शब्द गटाने कानात बसतात, त्यांना मराठीची कुबडी लागत नाही, हे मीही मानतो आणि म्हणून ते शब्द इथे जवळजवळ नाहीतच. पण ‘ऑफ’, ‘टू’, ‘ॲट’ हे इंग्रजी बोलण्यात आघात नसलेले, जेमतेम ऐकू येणारे शब्द आहेत. वाचतानाही डोळा त्यांच्यावरून घसरून पुढच्या नामावर जातो. त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष वेधल्याशिवाय ते दिसत नाहीत. आणि मराठी आपण आणली नाही म्हणून ती यायची थांबत नाही. ‘मॅरिड विथ’ लिहिणाऱ्याला कुणीही ‘त्याच्याशी’ची आठवण करून दिलेली नसते. ती आपसूक, न सांगता आली, म्हणूनच तिने चूक घडवली. उघड शेजारी ठेवली की ‘इथे आपण शी म्हणतो, ते टू म्हणतात’ एवढ्या एका ओळीत तो हिशेब मिटतो.

वापराविषयी दोन गोष्टी सांगायच्या. एका बैठकीत आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि एकच अव्यय घेणारे सगळे शब्द सलग घेऊ नयेत. ‘ऑफ’च्या वीस जागा ओळीने भरणारा पाचव्या जागेनंतर डावीकडे पाहणं सोडून देतो. भरून झालं की दुसऱ्या दिवशी पान झाकून फक्त डावीकडचे शब्द वाचावेत आणि पुढचं अव्यय तोंडाने म्हणावं. शेवटच्या भागात एकही रेघ छापलेली नाही. सलग उतारे आहेत, त्यांतली काही अव्ययं काढून शब्द जवळ सरकवले आहेत, आणि एखाददुसरं नको असलेलं अव्यय आत घुसवलं आहे. कुठे काय कमी आहे आणि काय जास्त, ते विद्यार्थ्याने स्वतः शोधायचं आहे. परीक्षेत असा प्रश्न सहसा येत नाही. पत्र लिहिताना मात्र कागदावर कुठेच रेघ नसते.